सणक डोक्यात, खापर मणक्यावर

मानेच्या वरच्या टोकाशी, कवटी जिथे सुरू होते तिथून एक सणक निघते आणि डोक्याच्या मागच्या बाजूने टाळूपर्यंत चढते. कधी ती त्याच बाजूच्या डोळ्यामागे जाऊन भिडते. काही सेकंदांत थांबते, पण तेवढ्यात माणूस हातातलं काम टाकून डोकं धरून बसतो. दिवसभरात अशा सणका कितीही वेळा येतात आणि मधल्या वेळात तिथे ठणका राहतो. केस विंचरायचे म्हटलं तरी अंगावर काटा येतो, त्या कुशीवर उशीला डोकं टेकवत नाही. या दुखण्याला ऑक्सिपिटल न्यूराल्जिया म्हणतात. आपल्याकडे मात्र रुग्णाच्या फायलीवर बहुतेक वेळा ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलायटिस’ असं लिहिलेलं असतं. मानेचा एक्स-रे, गळ्यात पट्टा, वजनं लावून मान ताणणं आणि वेदनाशामक गोळ्या असा त्याचा ठरलेला प्रवास असतो. कोणी नसेच्या ब्लॉकचं नाव काढलं तर लगेच आक्षेप येतो: ती तर भूल आहे, उतरली की दुखणं परत येणार, मूळ कारण मणक्यातच आहे.

हे मत रुग्णांपुरतं मर्यादित नाही. कितीतरी डॉक्टरही याच मताचे आहेत, आणि ते का रुजलं हे समजण्यासारखं आहे. दुखणं मानेतून निघतं. मान वळवली, खाली घातली की वाढतं. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाचा एक्स-रे काढला की मणक्यांच्या कडांना टोकं आलेली दिसतात, दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते. दुखणारी जागा आणि झिजलेला मणका दोन्ही मानेतच, मग नातं जोडायला वेळ लागत नाही. शिवाय स्पॉन्डिलोसिसने नस खरोखर दबते, हेही खोटं नाही. हाताला मुंग्या आणि कमजोरी घेऊन येणाऱ्या कित्येक रुग्णांत कारण तेच असतं. प्रश्न एवढाच की ती दबणारी नस कोणती.

मानेत झीज सर्वांत जास्त होते ती पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये. तिथून निघणाऱ्या नसा खांद्यावरून हातात उतरतात, अंगठ्याकडे आणि मधल्या बोटाकडे जातात. त्यांतली एकही डोक्याच्या मागच्या कातडीकडे जात नाही. त्या कातडीची संवेदना मुख्यतः दुसऱ्या मानेच्या नसेची, म्हणजे सी-२ची, आणि थोडी सी-३ची. सी-२ ज्या पहिल्या दोन मणक्यांच्या मधून बाहेर पडते तिथे चकतीच नाही. खालच्या नसांना हाडाच्या ज्या छिद्रातून वाट काढावी लागते तसं छिद्रही तिथे नाही. त्यामुळे ‘चकती सरकली, नस दबली’ हे खालच्या मानेचं स्पष्टीकरण इथे लागूच पडत नाही. सी-५ आणि सी-६च्या मधली झीज दाखवून टाळूपर्यंत जाणाऱ्या सणकेचं कारण सांगणं शरीररचनेला धरून नाही.

एक्स-रेमध्ये किंवा एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, हेही चुकीचं आहे. जपानमध्ये मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेचा काहीही त्रास नसलेल्या ४९७ लोकांचे एमआरआय काढले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साठी ओलांडलेल्यांत पुरुषांपैकी ८६ टक्के आणि स्त्रियांपैकी ८९ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. यांतल्या कोणाचीही मान दुखत नव्हती. म्हणजे साठीतल्या कुणाच्याही डोक्यात सणक आली आणि मानेचा फोटो काढला, तर झीज बहुधा सापडणारच. तो पुरावा नव्हे, वय आहे.

इथे एक गोष्ट प्रतिपक्षाला मान्य करायला हवी. वृद्ध माणसात पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमधला बाजूचा सांधा खूप खराब झाला तर तो सी-२च्या मुळाला त्रास देऊ शकतो. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधल्या सांध्याजवळून जाणारी ‘थर्ड ऑक्सिपिटल’ नस त्या सांध्याचं दुखणं डोक्याकडे नेते. पण यांतला वरचा सांधा नेहमीच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवर नीट दिसतही नाही. ज्या झिजेवर खापर फोडलं जातं ती खालची असते.

या विकारात बहुतेकदा गुंतलेली असते ती मोठी ऑक्सिपिटल नस. तिची वाट पाहिली की दुखण्याचा बराच उलगडा होतो. सी-२च्या मागच्या फांदीतून निघून ती मानेच्या एका खोल, तिरक्या स्नायूला खालून वळसा घालते, मग मानेमागचा जाड स्नायू भेदून वर येते. कवटीला स्नायू जिथे चिकटतात तिथल्या चिवट पडद्यातून बाहेर पडून ती कातडीखाली येते आणि ऑक्सिपिटल धमनीच्या सोबतीने टाळूकडे जाते. वळसा, छेद आणि पडदा, या प्रत्येक ठिकाणी तिला आवळलं जाण्याची संधी आहे. प्रत्येक वेळी कारण बोट ठेवून दाखवता येतं असं नाही, बऱ्याचदा ते सापडत नाही. पण आता गळ्यातला पट्टा आठवा. कडक पट्ट्याची मागची वरची कड नेमकी कवटीच्या खालच्या काठाशी रुतते. मान ताणताना डोक्याला जो पट्टा बांधतात त्याचा एक भाग हनुवटीखाली असतो आणि दुसरा थेट कवटीच्या मागच्या उंचवट्याखाली. दिवसातून अर्धा तास वजन टांगून आपण ज्या नसेची तक्रार आहे तिच्याच तोंडावर दाब देतो. पट्ट्याने दुखणं वाढलं असं सांगणाऱ्या रुग्णाला ‘सवय होईल’ असं उत्तर मिळतं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

मग सणक डोळ्यामागे का जाते? मोठी ऑक्सिपिटल नस तर डोळ्याच्या जवळपासही फिरकत नाही. याचं उत्तर मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी आहे. चेहरा, कपाळ आणि डोळा यांच्या वेदना आणणारी ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या तीन नसा यांचे तंतू तिथे एकाच पेशीसमूहात येऊन मिळतात. दोन गावांची पत्रं एकाच टपाल कचेरीत आली आणि पत्ता पुसट असला की पत्र भलत्या गावाला जातं, तसं इथे होतं. बार्ट्श आणि गोड्सबी यांनी २००२ मध्ये उंदरांवर दाखवलं की मोठ्या ऑक्सिपिटल नसेला उत्तेजित केलं की मेंदूच्या आवरणाकडून येणाऱ्या संदेशांना तिथल्या पेशी जास्त जोराने प्रतिसाद देऊ लागतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, कारण ब्लॉकच्या बाजूचा युक्तिवाद आणि ब्लॉकच्या विरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप, दोन्ही इथूनच निघतात.

आता ब्लॉककडे येऊ. एका रुग्णाची हकीकत सांगतो, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून. वय ४६, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. उजव्या बाजूला सणका, प्रत्येक दहा-पंधरा सेकंदांची, दिवसाला पंधरा-वीस. अंबाडा घालणं बंद केलेलं, कारण आकडा टोचला तरी सणक येई. एक्स-रेत पाचव्या-सहाव्या मणक्यांत झीज. सहा आठवडे पट्टा, दहा दिवस मान ताणून झालेली. बाईंबरोबर त्यांचा भाऊ आला होता. मी ब्लॉकबद्दल बोलल्यावर तो म्हणाला, “डॉक्टर, पण हे भुलीचंच औषध ना? चार तासांनी उतरणार. मग त्याचा उपयोग काय?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्यातच प्रचलित मताची मुख्य चूक आहे. ब्लॉक हा आधी निदानाचा भाग आहे, मग उपचाराचा. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी वर्गीकरणाच्या २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीत ऑक्सिपिटल न्यूराल्जियाचे जे निकष दिले आहेत, त्यांत नसेच्या ब्लॉकने दुखणं तात्पुरतं थांबणं ही एक आवश्यक अट आहे. तिथे ‘तात्पुरतं’ हा शब्द कमीपणाचा नाही. भूल असेपर्यंत सणक थांबली आणि भूल गेल्यावर परत आली, तरी ती नस यात गुंतलेली आहे हे कळतं. एक्स-रेला हे कधीच सांगता येत नाही.

बाईंची तपासणी आधी केली. कवटीच्या मागे मध्यभागी जो उंचवटा हाताला लागतो त्याच्या उजवीकडे सुमारे दोन सेंटिमीटरवर बोटाने दाबलं की त्या दचकायच्या आणि सणक टाळूकडे धावायची. कापसाचा बोळा डाव्या बाजूला मऊ लागत होता, उजव्या बाजूला नकोसा. हातापायांची ताकद, प्रतिक्षिप्त क्रिया, चाल सगळं ठीक. मग त्यांना टेबलासमोर बसवून, कपाळ दुमडलेल्या हातांवर टेकवून मान किंचित पुढे झुकवली. केस कापायची गरज नसते, भांग पाडून कातडी साफ केली की पुरतं. मागचा उंचवटा आणि कानामागचं हाड यांना जोडणारी रेघ मनात धरायची. तिच्या आतल्या एक तृतीयांशाच्या जागी बोट ठेवलं की धमनीचा ठोका लागतो, नस साधारण त्याच्या आतल्या बाजूला असते. बारीक सुई हाडाला हलकी टेकेपर्यंत न्यायची, किंचित मागे घ्यायची, रक्त येत नाही ना हे पाहायला दट्ट्या ओढायचा आणि मग औषध सावकाश सोडायचं. आम्ही २ टक्क्यांचं लिग्नोकेन १ मिली आणि ०.५ टक्क्यांचं बुपिव्हाकेन १ मिली वापरलं. त्यानंतर पाच मिनिटं जागा दाबून ठेवली, कारण डोक्याची कातडी चटकन रक्ताळते.

मानेत सुई म्हणजे लकवा, ही भीती इथे फार ऐकू येते. सुई मानेत जात नाही, कवटीच्या हाडावर जाते, आणि मज्जारज्जू त्या हाडाच्या पलीकडे खाली असतो. खरा धोका आहे तो ज्यांच्या कवटीचा मागचा भाग शस्त्रक्रियेत काढलेला आहे त्यांना. तिथे सुईला अडवायला हाड नसतं आणि औषध मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतं. म्हणून पूर्वी डोक्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारल्याशिवाय आणि बोटाने चाचपल्याशिवाय सुई उचलू नये. बाकी चक्कर, थोडी सूज, क्वचित बेशुद्ध पडल्यासारखं होणं इतपतच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगायला हवं.

पंधरा मिनिटांनी जे पाहिलं, ते माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. पहिला प्रश्न ‘दुखणं गेलं का’ हा नाही. पहिला प्रश्न ‘बधिर झालं का’. कापूस आणि टाचणीची बोथट बाजू टाळूपर्यंत फिरवून पाहायची. बाईंची उजवी मागची बाजू कानाच्या रेषेपासून टाळूपर्यंत बधिर झाली होती आणि ती जागा दाबल्यावर सणक येत नव्हती. म्हणजे नस झोपली आणि तिच्याबरोबर दुखणंही झोपलं. समजा बधिरपणा आला असता पण सणका चालूच राहिल्या असत्या, तर दोष दुसरीकडे शोधावा लागला असता. समजा बधिरपणाच आला नसता, तर ब्लॉक चुकला एवढंच कळलं असतं आणि ‘ब्लॉकने काही झालं नाही’ असा शेरा मारणं अन्यायाचं ठरलं असतं. आणि बधिरपणा नसताना दुखणं गेलं, तर स्नायूतल्या दुखऱ्या गाठीवर सुईचा परिणाम किंवा रुग्णाची आशा यांतलं काहीतरी काम करत असतं. किती रुग्णांच्या कागदांवर ‘ब्लॉक दिला, फरक नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि बधिरपणाचा उल्लेखही नसतो! औषध किती घातलं यालाही महत्त्व आहे. सहा-आठ मिली सोडलं तर ते आजूबाजूच्या स्नायूंत आणि शेजारच्या छोट्या ऑक्सिपिटल नसेपर्यंत पसरतं, आराम कदाचित जास्त मिळतो, पण नेमकं कशाने मिळाला हे कळत नाही.

भावाचा प्रश्न इथे परत घेतला पाहिजे. बधिरपणा संध्याकाळपर्यंत उतरला. सणका मात्र परतल्या नाहीत. साडेतीन आठवड्यांनी त्या पुन्हा सुरू झाल्या, पण दिवसाला चार-पाच आणि सौम्य. हे असं बऱ्याच जणांत होतं, सगळ्यांत नाही. काही तासांच्या औषधाचा परिणाम आठवडे टिकतो, याचं समजलं जाणारं कारण मेंदूच्या देठातल्या त्याच पेशीसमूहाशी जोडलेलं आहे. सतत येणाऱ्या संदेशांनी तिथल्या पेशी अतिसंवेदनशील होतात आणि साध्या स्पर्शालाही वेदना मानू लागतात. येणारा संदेश काही तास बंद पडला की त्यांना शांत व्हायला वेळ मिळतो. म्हणजे ब्लॉकने दुखणं फक्त झाकलं जातं हे म्हणणं अर्धवट आहे.

पण ब्लॉकच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक आहे, आणि ती मला पहिल्या चुकीइतकीच घातक वाटते. ‘ब्लॉकने गेलं, म्हणजे ऑक्सिपिटल न्यूराल्जियाच होता’ हा निष्कर्ष बरोबर नाही. मान आणि चेहऱ्याच्या नसा एकाच ठिकाणी मिळत असल्यामुळे हाच ब्लॉक मायग्रेनमध्येही उपयोगी पडतो आणि क्लस्टर डोकेदुखीत तर नक्कीच. अर्धशिशी असलेल्या बाईला डोक्याच्या मागे दुखत असेल, ब्लॉकने बरं वाटलं आणि निदान बदललं, तर तिला मायग्रेनची योग्य औषधं मिळायची राहतात. म्हणून दुखण्याची तऱ्हा आधी ऐकायची. तासन्‌तास चालणारं, मळमळ आणि उजेडाचा त्रास घेऊन येणारं दुखणं ब्लॉकने थांबलं तरी ते न्यूराल्जिया होत नाही. सेकंदांची सणक, कातडीची अतिसंवेदना आणि नसेवरची दुखरी जागा हे तिन्ही आधी असतील, तरच ब्लॉकचा निकाल काही सिद्ध करतो.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे नसेला बाहेरून काही दाबत असेल तरी ब्लॉकने आराम पडतो. आपल्याकडे कवटी आणि मानेच्या सांध्याचा क्षयरोग अजून दिसतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन, मान एका बाजूला धरून ठेवलेली आणि रात्री वाढणारं दुखणं असेल तर सुई नाही, एमआरआय. संधिवाताच्या रुग्णांत पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकू शकतात. मान मोडून घेतल्यावर किंवा झटका बसल्यावर अचानक आलेलं मानेमागचं तीव्र दुखणं रक्तवाहिनी फाटल्याचं असू शकतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं आणि चावताना जबडा दुखणं असं असेल तर ईएसआर करून धमनीची सूज नाही ना हे पाहायलाच हवं, कारण त्यात दृष्टी जाऊ शकते. ब्लॉकने आराम पडला म्हणून यांतलं काहीही सोडून देता येत नाही.

स्टिरॉइडबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण ब्लॉक म्हणजे स्टिरॉइडच असा समज डॉक्टरांमध्येही आहे. क्लस्टर डोकेदुखीत ते घातल्याचा फायदा चांगल्या चाचण्यांत दिसला आहे. मायग्रेनमध्ये भुलीच्या औषधात ते मिसळल्याने जास्त काही मिळालं नाही. ऑक्सिपिटल न्यूराल्जियात ते सर्रास वापरतात, पण तितक्या भक्कम पुराव्यावर नव्हे. तोटे मात्र ठाऊक आहेत: सुईच्या जागी केस गळून टक्कल पडणं, कातडी पातळ होणं, मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढणं. बाईंना मधुमेह होता, म्हणून पहिल्या खेपेला आम्ही ते घातलंच नाही, आणि उत्तर त्याशिवायही मिळालं. ज्यांना ते द्यायचं ठरतं त्यांना तीन महिन्यांच्या आत पुन्हा देऊ नये, असं मी धरून चालतो.

बाईंना चार आठवड्यांनी दुसरा ब्लॉक दिला, तोही नुसत्या भुलीच्या औषधाचा, आणि रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलीग्रॅम सुरू केलं. पट्टा काढून ठेवायला सांगितला. ज्यांचं दुखणं ब्लॉकने दर वेळी नेमकं थांबतं पण टिकत नाही, त्यांच्यासाठी पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी हा पुढचा मार्ग आहे. त्यात नस जाळत नाहीत, सुईच्या टोकाचं तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ न देता विजेचे ठोके देतात. २०१५ मध्ये कोहेन आणि सहकाऱ्यांनी ८१ रुग्णांत स्टिरॉइडच्या सुईशी त्याची तुलना केली, तेव्हा डोक्याच्या मागचं सरासरी दुखणं त्याने जास्त कमी झालं आणि फरक सहा महिन्यांपर्यंत राहिला. बाईंवर ती वेळ आली नाही. पुढच्या तपासणीला सणका आठवड्यातून एखादी, आणि त्या केस विंचरून आल्या होत्या. एक्स-रे पुन्हा काढला असता तर पाचव्या-सहाव्या मणक्यांतली झीज होती तशीच दिसली असती.

ब्लॉक कुठेही घेतलात तरी एक कागद मागून घ्या. त्यावर कोणतं औषध, किती मिली, कोणत्या बाजूला दिलं, किती मिनिटांनी कुठपर्यंत बधिर झालं आणि सणका किती तास किंवा दिवस थांबल्या, हे लिहिलेलं असावं. पुढच्या डॉक्टरला मानेच्या एमआरआयच्या जाड पाकिटापेक्षा या चार ओळींतून जास्त कळेल.